भिंत ओली की कोरडी?

श्रोतेहो, नमस्कार.

मिलान शहरात सांता मारिया देल्ले ग्रात्सिए नावाचा मठ आहे. तिथल्या भोजनगृहाच्या भिंतीवर लिओनार्दो दा विंचीनं १४९४ ते १४९८ च्या सुमारास येशूचं शेवटचं भोजन रंगवलं. समजा, या चित्राची इटालियन पाटी आणि कानाला लावून ऐकायचं निवेदन मराठीत आणायचं आहे. पाटी चार ओळींची असते, पण भाषांतराचा कस त्या चार ओळींतच लागतो.

पहिला चकवा छोटासा आहे. 'क्वात्रोचेन्तो' म्हणजे शब्दशः चारशे. ही चौदाशेची वर्षं, म्हणजे आपलं पंधरावं शतक. घाईत 'चौदावं' लिहिलं की चित्र शंभर वर्षं मागे जातं. दुसरा शब्द 'कोम्मिस्सिओने'. लुदोविको स्फोर्झाच्या 'कमिशनवर' हे चित्र झालं असं आपण लिहिलं, तर मराठी माणसाला मध्ये कोणीतरी दलाल दिसेल! 'मिलानच्या ड्यूकनं हे काम सांगितलं होतं' एवढं पुरे.

खरी मेख आहे ती तंत्राच्या ओळीत : 'तेम्पेरा ग्रास्सा सु इन्तोनाको'. इन्तोनाको म्हणजे भिंतीवरचा शेवटचा, बारीक गिलावा. तेम्पेरा ग्रास्सा म्हणजे अंड्यात तेल मिसळून केलेला रंग. पुष्कळ जण इथं सरळ 'फ्रेस्को' लिहून मोकळे होतात, आणि तिथंच चूक होते. फ्रेस्कोमध्ये चुन्याचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेला रंग लावतात. वाळताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याचा दगडासारखा थर बनतो आणि रंग त्यात कायमचा अडकतो. म्हणून चित्रकार त्या दिवशी संपेल तेवढाच तुकडा लिंपून घेतो. त्या तुकड्याला इटालियनमध्ये 'जोर्नाता' म्हणतात. याचं भाषांतर नुसतं 'दिवस' केलं तर वाक्य लंगडतं. 'एका दिवसाचा तुकडा' म्हटलं की लगेच कळतं.

लिओनार्दोला ही घाई मानवणारी नव्हती. एक फटकारा मारावा, थांबावं, पुन्हा बदलावं, अशी त्याची रीत. म्हणून त्यानं वाळलेल्या भिंतीवर रंगवलं. रंग नुसता वर बसला, आत शिरला नाही. वीस वर्षांच्या आतच तो सुटू लागला. मग पाटीवर काय लिहावं? मी असं लिहीन : 'वाळलेल्या गिलाव्यावर, अंडं आणि तेल मिसळलेल्या रंगात'. मूळ ओळीत 'वाळलेल्या' हा शब्द नाही, पण तो घातल्यावाचून आपल्या वाचकाला काहीच कळणार नाही. नुसतं 'भित्तिचित्र' चुकीचं नाही, पण त्यात ओलं-कोरडं हा भेद राहत नाही. आपण अजिंठ्यालाही सर्रास फ्रेस्को म्हणतो ना? तिथलाही रंग वाळलेल्या भिंतीवरचा आहे. खाली मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर चिकट द्रव्यात घोटलेले रंग.

आता निवेदनाकडे वळू. ऐकणाऱ्याच्या हाती कागद नसतो, त्याची नजर शब्दामागून फिरते. मूळ वाक्य आहे : 'ख्रिस्ताच्या उजवीकडे योहान बसला आहे'. श्रोता आपल्या उजवीकडे बघतो, तर तिथं बोट वर केलेला थोमा, दुसराच शिष्य! ख्रिस्ताची उजवी बाजू ही आपली डावी. म्हणून 'ख्रिस्ताच्या उजव्या हाताला, म्हणजे तुमच्या डावीकडे, योहान' असं दोन्ही सांगायचं. योहानाला खेटून पेत्र, आणि मागं कललेला, मुठीत थैली आवळलेला यहूदा. नावं मराठी बायबलमधलीच घ्यावीत. योहानाला इटालियनमध्ये जोव्हान्नी म्हणतात, त्याचा जॉन कशाला करायचा? जोव्हान्नी बेल्लिनी नावाच्या चित्रकाराचं नाव मात्र तसंच राहील, त्याचा योहान करायचा नाही.

निवेदनाचं पुढचं वाक्य आहे : 'आता मागे वळा.' समोरच्या भिंतीवर दोनातो मोंतोर्फानोचं ख्रिस्ताच्या क्रूसारोहणाचं चित्र आहे. साल १४९५, अस्सल फ्रेस्को. खोली तीच, हवा तीच, काळही जवळपास तोच, आणि ते कितीतरी शाबूत आहे. पहिल्या पाटीवर आपण 'फ्रेस्को' लिहून बसलो असू, तर या तुलनेत काही अर्थच उरत नाही. मोंतोर्फानोच्या चित्राच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत ड्यूकच्या कुटुंबाच्या आकृती होत्या. त्या लिओनार्दोनं नंतर कोरड्या भिंतीवर रंगवल्या असं मानतात. आज तिथं दिसतात त्या फक्त पुसट छाया.