तोट्याच्या रकान्यातले पंधरा हजार

(अमळनेर येथे फेब्रुवारी 2026 मध्ये एका सनदी लेखापालाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

अमळनेरात शेअरवर बोलायचं म्हणजे जरा जपूनच. विप्रोचा जन्म इथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्यातला, 1945 सालचा. आजोबांनी घेऊन ठेवलेले शेअर नातवाच्या डीमॅटमध्ये आहेत, अशी घरं याच सभागृहात दोन-चार तरी निघतील. तेव्हा लाभांश म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगत बसणार नाही. बायबॅकचं, म्हणजे कंपनी आपलेच शेअर आपल्याकडून परत विकत घेते त्याचं, मात्र बोलू या. त्याच्या कराची सोंगटी सरकारने इतक्यांदा हलवली आहे की माझ्याकडे येणारी माणसं अजून 2023 च्याच हिशोबात असतात.

2023 मध्ये विप्रोने 445 रुपयांनी 12,000 कोटींचे शेअर परत घेतले. तेव्हा कर कंपनी भरायची आणि तुमच्या हातात आलेला पैसा करमुक्त असायचा. सगळे खूश. पण कंपनीने भरलेला कर शेवटी कंपनीच्याच तिजोरीतून गेला ना? म्हणजे ज्याने शेअर दिलेच नाहीत, त्याच्याही वाट्यातून गेला. फायदा एकाचा, कर सगळ्यांच्या पानात. लाभांशाचं मात्र एप्रिल 2020 पासून सरळ आहे: ज्याला मिळाला, त्याने आपापल्या स्लॅबप्रमाणे भरायचा.

1 ऑक्टोबर 2024 पासून बायबॅकही लाभांशासारखाच धरला जाऊ लागला. वाचायला न्याय्य वाटतं, पण खोच आकड्यात आहे. नोव्हेंबर 2025 मधला इन्फोसिसचा बायबॅक घ्या, भाव 1,800 रुपये. समजा आपल्यातल्या एका भाऊंनी दहा शेअर 1,500 ने घेतले होते आणि ते दहाही स्वीकारले गेले. हातात आले 18,000, खरा नफा 3,000. भाऊ 30 टक्क्यांच्या स्लॅबमधले. कर नफ्यावर नाही, पूर्ण 18,000 वर. सेस सोडला तरी 5,400 रुपये. नफा तीन हजार, कर चोपन्नशे!

हे ऐकून मागच्या रांगेतले एक आबा मघाशी म्हणाले, ‘पैसा घरमा उना, मंग हाऊ तोटा कसाना?’ आबा, प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय. कायदा म्हणतो, 18,000 तुम्हाला लाभांश म्हणून मिळाले, म्हणजे शेअर विकल्याची किंमत शून्य. मग खरेदीचे 15,000 गेले कुठे? ते भांडवली तोटा म्हणून नोंदवायचे. हा तोटा लाभांशातून वजा होत नाही. दुसरे शेअर किंवा दुसरी मालमत्ता विकून झालेल्या भांडवली नफ्यातूनच तो वजा करता येतो आणि त्यासाठी पुढची आठ वर्षं मिळतात. तीही विवरणपत्र मुदतीत भरलं तरच.

भाऊंचे शेअर वर्षाहून जुने असतील तर हा तोटा दीर्घकालीन. तो 12.5 टक्क्यांनी कर लागणाऱ्या नफ्यासमोर लावला की वाचतात 1,875 रुपये. म्हणजे निव्वळ कर 3,525, नफ्यापेक्षा तरीही जास्त. आणि ज्याच्याकडे वजा करायला नफाच नाही, त्याचा तोटा आठ वर्षं नुसता कागदावर. इन्फोसिसच्या प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनीच्या संस्थापक मंडळींनी, त्या बायबॅकमध्ये भागच घेतला नाही. कारण त्यांचं त्यांना ठाऊक, पण वरच्या स्लॅबचा हिशोब तुमच्यासमोर आहे. तेवढ्याच रकमेच्या साध्या लाभांशावरही कर 5,400 च बसला असता, पण शेअर भाऊंकडेच राहिले असते.

आजोबांच्या शेअरचं दुखणं आणखी वेगळं. एप्रिल 2001 पासून पुढे बोनसमध्ये आलेल्या शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात, म्हणून तिथे तोट्याच्या रकान्यातही काही उरत नाही.

परवाच्या अर्थसंकल्पात हे बदलायचं मांडलंय. 1 एप्रिल 2026 पासून बायबॅक पुन्हा भांडवली नफ्यात, म्हणजे कर फक्त 3,000 वर. दीर्घकालीन असेल तर 375 रुपये, आणि वर्षभराचा असा एकूण नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर तोही नाही. प्रवर्तकांना जादा कर आहे: कंपनी प्रवर्तक असेल तर एकूण 22 टक्के, इतर प्रवर्तकांना 30. माझ्या मते हे रास्त आहे. बायबॅक कधी करायचा हे ठरवण्यात ज्याचा हात असतो, त्यालाच सवलतीचा दर का द्यायचा?

म्हणून सगळ्यांनी बायबॅककडे धावावं असंही नाही. नव्या करप्रणालीत ज्यांचं उत्पन्न बारा लाखांच्या आत आहे, त्यांना लाभांशावरही शेवटी कर लागत नाही. फक्त एका कंपनीकडून वर्षाला 10,000 च्या वर लाभांश आला की 10 टक्के टीडीएस कापतात. साठीच्या पुढच्यांचा वर्षाचा कर शून्य होणार असेल, तर कर कापू नये म्हणून 15एच हा अर्ज आधीच द्यावा, म्हणजे परताव्याची वाट बघावी लागत नाही.

एक चूक मात्र या जुलैत नक्की होणार. एप्रिल 2025 ते मार्च 2026 मधला बायबॅक ब्रोकरच्या नफा-तोटा पत्रकात साध्या विक्रीसारखा दिसू शकतो. ते पत्रक तसंच उतरवलं तर 3,000 नफा लागतो, आणि आयकर खात्याच्या 26एएस या उताऱ्यात तेच 18,000 लाभांश म्हणून बसलेले असतात. एकाच पैशावर दोनदा कर. पत्रकातल्या त्या ओळीत विक्रीची किंमत 1,800 दिसली तर हाताने शून्य करून घ्या.

विचारा आबा, तुमचा दुसरा प्रश्न राहिलाय.