सोमवारी, सकाळी, रात्री: इंग्रजी ईमेलमधली वेळ

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजीतून ईमेल लिहिताना वेळ सांगणाऱ्या शब्दाआधी अ‍ॅट, ऑन आणि इन यांपैकी काय लावायचे, या एकाच प्रश्नाबद्दल आज बोलायचे आहे. शाळेत सांगितलेला नियम बहुतेकांना पाठ असतो. घड्याळातल्या वेळेला अ‍ॅट, वाराला आणि तारखेला ऑन, महिन्याला आणि वर्षाला इन. नियम बरोबर आहे, आणि तरीही आपली मंडळी ईमेलमध्ये चुकतात. ती का चुकतात हे पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ.

समजा, नाशिकच्या एका द्राक्ष निर्यातदाराच्या कार्यालयातून नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या खरेदीदाराला ईमेल जात आहे. लिहिणाऱ्याच्या मनात मराठी वाक्ये अशी आहेत: 'कंटेनर मार्चमध्ये निघाला. सोमवारी सकाळी ११ वाजता मी फोन करतो. कागदपत्रे दोन दिवसांत पाठवतो. हिशेब मार्चअखेरीस पूर्ण करू.' यांचे इंग्रजी त्याने असे केले: 'द कंटेनर लेफ्ट ऑन मार्च. आय विल कॉल यू इन मंडे अ‍ॅट मॉर्निंग इलेव्हन. वी विल सेंड द डॉक्युमेंट्स इन टू डेज. वी विल क्लोज द अकाउंट इन द एंड ऑफ मार्च.' या चार वाक्यांपैकी तीन वाक्ये खरेदीदाराला कळतील, फक्त ती वाचताना तो थोडा अडखळेल. एका वाक्यात मात्र व्याकरणाची चूक नाही, पण गैरसमजाला वाव आहे, आणि व्यवहारात तेच वाक्य महागात पडू शकते. त्याकडे आपण शेवटी येऊ.

पहिले वाक्य सोपे आहे. नुसता महिना आला की इन: 'इन मार्च'. पण त्याच महिन्याला तारीख जोडली की ती एका दिवसाची गोष्ट होते आणि ऑन येते: 'ऑन टेन्थ मार्च'. वाक्यात मार्च हा शब्द आहे म्हणून इन लावायचे, असे नसते. जो सर्वांत लहान तुकडा सांगितला आहे, तो महिना आहे की दिवस, हे पाहायचे. वर्षाचेही तसेच. 'इन २०२५' आणि 'इन मार्च २०२५' असे लिहिले जाते, पण तारीख आली की 'ऑन टेन्थ मार्च २०२५'.

दुसऱ्या वाक्यात खरी अडचण आहे. मराठीत आपण सोमवारी म्हणतो, सकाळी म्हणतो, दुपारी, रात्री म्हणतो. चारही ठिकाणी शेवटी तीच ई. आपल्या कानाला वार आणि दिवसाचा प्रहर एकाच जातीचे वाटतात. इंग्रजीत मात्र तीन वाटा फुटतात. वार असेल तर 'ऑन मंडे', सकाळ किंवा दुपार असेल तर 'इन द मॉर्निंग', 'इन द आफ्टरनून', आणि रात्र असेल तर 'अ‍ॅट नाइट'. रात्रीला अ‍ॅट का, याचे तर्काने उत्तर देता येईल असे मला वाटत नाही. ती भाषेची सवय आहे आणि तशीच लक्षात ठेवावी लागते. भर दुपारी बाराला 'अ‍ॅट नून' आणि मध्यरात्रीला 'अ‍ॅट मिडनाइट' म्हणतात, तिथे मात्र तर्क लागू पडतो, कारण ते घड्याळातले ठरावीक क्षण आहेत.

यापुढची पायरी पुष्कळांना ठाऊक नसते. सकाळ एखाद्या ठरावीक दिवसाला बांधली की तिचे स्वतःचे इन गळून पडते आणि दिवसाचे ऑन राहते. 'इन द मॉर्निंग', पण 'ऑन मंडे मॉर्निंग'. 'अ‍ॅट नाइट', पण 'ऑन फ्रायडे नाइट'. 'इन मंडे मॉर्निंग' हे म्हणूनच चुकते. आता आपल्या निर्यातदाराने लिहावे: 'आय विल कॉल यू अ‍ॅट इलेव्हन ए. एम. ऑन मंडे, सिक्स्टीन्थ मार्च.' आधी घड्याळ, मग वार, मग तारीख. ए. एम. म्हटल्यावर मॉर्निंग पुन्हा सांगण्याची गरज नाही. मराठीत 'सकाळी' आधी आणि 'अकरा वाजता' नंतर येते, म्हणून 'मॉर्निंग इलेव्हन' लिहिण्याचा मोह होतो. इंग्रजीत तो क्रम बसत नाही. वार आणि तारीख दोन्ही लिहिण्याचा फायदा असा, की त्यांचा मेळ बसत नसेल तर वाचणाऱ्याला चूक लगेच दिसते आणि तो विचारून घेतो.

अकराच्या पुढे ती कुठल्या देशाची वेळ आहे, तेही लिहावे. नेदरलँड्सचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे केली की हे अंतर साडेतीन तासांवर येते. द्राक्षांचा हंगाम नेमका तेव्हाच चालू असतो, म्हणून 'इंडियन टाइम' हे दोन शब्द जोडणे शहाणपणाचे.

चौथ्या वाक्यात मार्चअखेर आहे. महिना इनचा असला तरी महिन्याचा शेवट हा एक टोकाचा बिंदू मानला जातो, म्हणून 'अ‍ॅट द एंड ऑफ मार्च' आणि तसेच 'अ‍ॅट द बिगिनिंग ऑफ एप्रिल'. 'इन द एंड' असे नुसते लिहिले तर त्याचा अर्थ 'सरतेशेवटी' असा होतो. 'इन द एंड वी पेड' म्हणजे बरीच टाळाटाळ करून आम्ही पैसे दिले, असाही सूर त्यातून निघू शकतो. पैशांच्या पत्रात हा सूर कोणालाच नको असतो.

आता ते राहिलेले तिसरे वाक्य. मराठीत 'दोन दिवसांत पाठवतो' म्हटले की आज, उद्या किंवा परवा, पण त्याच्या आत, असे आपण समजतो. इंग्रजीतले 'इन टू डेज' साधारणपणे आजपासून दोन दिवस उलटल्यावर, म्हणजे परवा, असे वाचले जाते. समजा खरेदीदाराला बिल ऑफ लॅडिंग, म्हणजे माल जहाजावर चढवल्याची पावती, आणि फायटोसॅनिटरी, म्हणजे फळे रोगकीडमुक्त असल्याचे, प्रमाणपत्र उद्याच हवे आहे. हे वाक्य वाचून तो ती परवाच येणार असे धरून चालेल. इथे 'विदिन टू डेज' लिहावे, किंवा त्याहून बरे म्हणजे सरळ तारीख द्यावी. सोमवारी लिहिलेल्या पत्रात 'इन टू डेज' ऐवजी 'बाय वेन्सडे', म्हणजे बुधवारपर्यंत, असे लिहून पुढे तारीख दिली की शंका उरत नाही.

एवढे जमल्यावर एक उलट सवय लागते, ती म्हणजे दिसेल त्या वाराआधी ऑन लावण्याची. नेक्स्ट, लास्ट, धिस आणि एव्हरी हे शब्द वाराआधी किंवा महिन्याआधी आले की अ‍ॅट, ऑन, इन यांपैकी काहीच लागत नाही. 'ऑन नेक्स्ट मंडे' आणि 'इन लास्ट मार्च' हे आपल्याकडच्या ईमेलमध्ये फार दिसते. तिथे 'नेक्स्ट मंडे' आणि 'लास्ट मार्च' एवढेच पुरते. टुमॉरो आणि यस्टरडे हेही एकटेच चालतात, 'ऑन टुमॉरो' होत नाही. ईमेलच्या विषयाच्या ओळीतही हे छोटे शब्द गाळलेले चालतात: 'कॉल, मंडे सिक्स्टीन्थ मार्च, इलेव्हन ए. एम.' असे तिथे लिहावे आणि आतल्या पूर्ण वाक्यात अ‍ॅट व ऑन परत आणावेत. शनिवार-रविवारची गोष्ट निघाली तर ब्रिटिश माणूस 'अ‍ॅट द वीकएंड' लिहील, अमेरिकन 'ऑन द वीकएंड' लिहील. दोन्ही बरोबर आहेत. ज्याला ईमेल पाठवायचा आहे त्याच्या देशाकडे पाहून त्यांतले एक निवडावे. नमस्कार.