पाणी, तवा आणि आर

[दृश्य: पहाट. चुलीत बाभळीचं सरपण. लोखंडी तव्यावर पाण्याचा शिपका.]

पाण्याचे थेंब तव्यावर पडताच गोळे होऊन पळाले. आजी मान हलवतात. तवा भाकरीला आला.

[दृश्य: परातीत थापलेली भाकरी, बोटांचे ठसे.]

ही मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी. काळ्या रानात पावसाळ्याच्या शेवटी पेरायची, आणि मग जमिनीनं धरून ठेवलेल्या ओलीवर ती वाढते. 2016 साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. पीठ कालच दळून आणलंय. जुन्या पिठाची विरी जाते, मग भाकरी हातातच चिरते. आजींनी ते कढत पाण्यात मळलंय. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो. कढत पाण्यानं पिठातला थोडा स्टार्च शिजतो, आणि तोच गोळ्याला धरून ठेवतो.

[दृश्य: भाकरी तव्यावर पडते. हात पाण्यात, मग भाकरीवर. अगदी जवळून.]

थापताना परातीला लागलेली, कोरड्या पिठाची बाजू आता वर आली आहे. आजी ओला हात तिच्यावरून फिरवतात. कडेपर्यंत, एकही जागा कोरडी न ठेवता. या पाण्यानं वरचं कोरडं पीठ भिजतं आणि गरम झालं की त्याची पातळ खळ होते. थापताना पडलेल्या बारीक भेगा ती खळ बुजवते.

आता इथे बघा. पाणी चमकतंय. हळूहळू चमक जाते, पण ओल आहे. आजी याच घडीला उलथनं घालतात. आम्ही मोजलं, पाणी लावल्यापासून साधारण अर्धं मिनिट.

[दृश्य: उलटलेली भाकरी. आजी जळतं लाकूड थोडं मागे ओढतात.]

पहिली बाजू मुद्दाम कमी भाजलेली आहे. दुसरी मात्र पुरती भाजायची, मिनिटभर किंवा थोडं जास्त. कडा तव्यावरून सुटतात, भाकरी आपसूक सरकते, खाली तपकिरी ठिपके येतात.

[दृश्य: तवा उतरवला. चुलीच्या तोंडाशी ओढलेला लालबुंद आर. भाकरी उभी.]

कमी भाजलेली बाजू आराकडे. तिच्यात अजून लवचिकपणा आहे. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, आणि ती या बाजूला उचलून धरते.

[दृश्य: भाकरी फुगते. निवेदन थांबतं. फक्त चुलीचा आवाज.]

वीसेक सेकंदं.

[दृश्य: तिसरी भाकरी. आजी कॅमेऱ्याकडे बघून बोलतायत.]

तिसरी भाकरी तव्यावर असताना आम्ही आजींना रानाबद्दल विचारत होतो. तेवढ्यात वरचं पाणी पार वाळलं, पांढुरक्या रेघा उमटल्या. आरावर धरली तेव्हा काठाजवळच्या चिरेतून सुस्स करून वाफ निघाली. अर्धीच फुगली. अर्ध्या भागाला पापुद्रा, अर्धा भाग चपटा आणि वातड.

"बोलत बसले आन् पाणी वाळलं," आजी म्हणतात. पण दोष नुसता बोलण्याचा नाही. दोन भाकऱ्यांनंतर तवा जास्त तापलेला असतो, पाणी आधीपेक्षा लवकर उडतं. म्हणून त्या दोन लाकडं बाहेर ओढतात, तव्यावरून ओलं फडकं फिरवतात आणि मगच चौथी टाकतात. तवा उलट थंड असला तर भाकरी चिकटते, नुसती सुकत राहते, आणि वाफ धरण्याआधीच कडक होते.

[दृश्य: आतलं स्वयंपाकघर. सूनबाई गॅसपाशी.]

धुरानं आजींचे डोळे चुरचुरतात, म्हणून घरात गॅसही आहे.

"आत्या, जाळ एवढा बरा का?"

"तव्याला बरा हाय. तवा काढला की मोठा कर. आन् फिरवत ऱ्हा."

आराचा शेक भाकरीच्या सगळ्या अंगाला सारखा लागतो. गॅसची ज्योत एकाच जागी लागते, तिथे काळा डाग पडतो आणि पापुद्रा फाटतो. म्हणून तवा बाजूला करून, चिमट्यानं भाकरी सतत फिरवत राहायची. दहा-पंधरा सेकंदांत काम होतं. पाण्याची चमक जाताना उलटायचं, हा हिशेब मात्र तोच.

[दृश्य: चौथी भाकरी आरावर. पूर्ण फुगलेली. मग टोपलं.]

आजी ती टोपल्याच्या कडेला उभी लावतात. गरम भाकऱ्या एकीवर एक आडव्या ठेवल्या तर वाफ आत कोंडते आणि पापुद्रा ओला पडतो.