एक ओळ कमी असलेली यादी

नमस्कार श्रोतेहो. मी लग्नकार्याचे फोटो काढतो, गेली वीस-बावीस वर्षं. आज एका जपानी कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहे आणि त्यातल्या एका मोजणीच्या चुकीबद्दल. ती चूक माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझा भाचा तोक्योत दोन वर्षं होता. येताना त्याने तिथल्या सेकंडहॅण्ड दुकानातून सोनीचा अल्फा ६००० आणला. २०१४ सालचं मॉडेल, छोटं, हलकं, अजूनही उत्तम चालणारं. घरी आल्यावर मेनू उघडला तर सगळं जपानी. "मामा, भाषा कुठे बदलायची?" म्हणून फोन आला. मी म्हटलं, सेटअपमध्ये असते, बघ. तासभर शोधून तो म्हणाला, नाहीये. आणि खरंच नव्हती. जपानच्या बाजारात विकायला काढलेल्या सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत भाषा एकच, जपानी. भाषा निवडायची ओळच मेनूत ठेवलेली नसते. या पिढीच्या कॅमेऱ्यांत इतर भाषा उघडून देणारं ओपनमेमरीज ट्वीक नावाचं एक अनधिकृत अ‍ॅप आहे, पण दुसऱ्याच्या कॅमेऱ्यात असलं काही घालायला माझा हात धजत नाही. तेव्हा आहे तो मेनू वाचायचा, असं ठरलं.

आता मला जपानी येत नाही, भाच्याला बोलण्यापुरतं येतं, वाचायला फारसं नाही. पण कॅमेरा मला येतो. मेनूत काय काय असणार, हे मला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते एवढंच, की कुठली गोष्ट कुठल्या नावाने बसली आहे. घरातली माणसं ओळखीची आहेत, फक्त दारावरच्या पाट्या परक्या लिपीत आहेत, तसं.

सुरुवात मेनूतून करायचीच नाही. सुरुवात बटणांवरून. कॅमेऱ्याच्या अंगावर जे छापलेलं असतं ते जपानी नसतं. मागच्या गोल चाकाच्या उजव्या कडेला ISO लिहिलेलं आहे. ते दाबलं की पडद्यावर आयएसओचे आकडे येतात आणि वर मथळा येतो: ISO感度. मग मेनूत जाऊन तोच मथळा शोधायचा. सापडला की एक ओळ पक्की. चाकाच्या डावीकडे सेल्फ टायमरचं आणि एकापाठोपाठ फोटो काढायचं चिन्ह असतं. ते दाबलं की 'ドライブモード' असा मथळा. वाचून काही कळत नाही, पण उच्चार सांगितला तर हसाल. 'दोराइबु मोओदो'. ड्राइव्ह मोड!

इथे आपल्या लोकांना एक सोय आहे. आपण फोकस, फ्लॅश, मेनू हे शब्द देवनागरीत लिहितो ना, तसंच जपानी लोक बाहेरचे शब्द काताकाना नावाच्या लिपीत, ऐकू येतील तसे लिहितात. कॅमेऱ्याच्या मेनूत असे शब्द पुष्कळ असतात. काताकानाची अक्षरं कमी रेघांची आणि कोनांची, चिनी अक्षरांसारखी गच्च भरलेली नाहीत. आडव्या लिखाणात मध्येच एखादी लांब आडवी रेघ दिसली, तर ती आधीच्या स्वराला दीर्घ करते. तेवढ्यावरूनही शब्द काताकानाचा आहे हे ओळखता येतं. उच्चाराचा तक्ता समोर ठेवून एका संध्याकाळी भाचा अडखळत का होईना, वाचायला लागला.

चिनी अक्षरांपैकी आम्ही दोनच पाठ केली, कारण ती जिथे तिथे येतात. 入 म्हणजे चालू आणि 切 म्हणजे बंद. पहिलं अगदी साधं, पाय फाकवून उभ्या असलेल्या माणसासारखं. दुसऱ्याचा मूळ अर्थ 'कापणं'. आपण नाही का म्हणत, लाइट कट केली, तसं समजा. ज्या ओळीपुढे ही दोन येतात ती चालू-बंद करायची गोष्ट. काय चालू होतं ते करूनच बघायचं. '電子音' नावाची ओळ होती, पुढे 入. भाच्याने ती 切 केली आणि शटर अर्धं दाबलं. फोकस लागल्याचा बीप आला नाही. परत 入 केलं, बीप आला. झालं, ही आवाजाची ओळ. मला तर ही लगेच हवी होती. सप्तपदी चालू असताना कॅमेरा पिकपिक करायला लागला, की भटजीबुवा जसं बघतात ते मला माहीत आहे.

मात्र एका वेळी एकच ओळ बदलायची, तपासायची, परत जागेवर ठेवायची, मगच पुढची. दोन बदलल्या की कशाचा परिणाम कशाने झाला ते कळेनासं होतं.

आता मोजणीची चूक. सोनी तेच मॉडेल जगभर विकते आणि इंग्रजी माहितीपुस्तिकेत मेनूच्या ओळी ओळीने दिलेल्या असतात. मी पुस्तिका माझ्या पुढ्यात उघडली आणि फोनवरून भाच्याला सांगत गेलो. सेटअपच्या टॅबवर, म्हणजे पेटीच्या चित्रावर जा. HDMI, USB अशी रोमन अक्षरं असलेल्या ओळी दिसतील. त्यातली शेवटची USB वाली, ती सापडली? तिथून खाली मोज. माझ्या पुस्तिकेत तिच्याखाली पहिली ओळ भाषेची, दुसरी तारीख-वेळेची, तिसरी विभागाची, चौथी कार्ड फॉरमॅटची. भाच्याला घड्याळ तोक्योच्या वेळेवरून भारताच्या वेळेवर आणायचं होतं, म्हणजे विभाग. मी म्हटलं, तिसरी उघड.

त्याच्या कॅमेऱ्यात भाषेची ओळ नव्हती, हे मीच अर्ध्या तासापूर्वी त्याला सांगितलं होतं. म्हणजे खालच्या सगळ्या ओळी एक-एक घर वर सरकलेल्या. त्याची तिसरी ओळ विभागाची नव्हती, फॉरमॅटची होती. पडद्यावर एक वाक्य आलं आणि खाली दोन पर्याय. तो म्हणाला, "मामा, काहीतरी विचारतंय." मी म्हटलं, हो म्हण. त्याने हो म्हटलं. कार्डावर आदल्या दिवशीच्या बारशाचे फोटो होते.

तिथेच थांबायला हवं होतं. विभागाची ओळ उघडली तर जगाचा नकाशा दिसायला हवा आणि डावी-उजवी बटणं दाबली की त्यातली पट्टी सरकायला हवी. ज्या ठिकाणी नकाशा अपेक्षित आहे तिथे प्रश्न आला, म्हणजे आपण चुकीच्या दारात उभे आहोत. आणि परक्या भाषेतल्या प्रश्नाला हो म्हणायचं नाही. दोन पर्यायांत '実行' हा दोन अक्षरांचा असतो, म्हणजे 'करा'. दुसरा काताकानातला, पाच अक्षरांचा, 'キャンセル', उच्चार 'क्यान्सेरु'. तो कॅन्सल. त्यानंतर आमच्या यादीत सगळ्यात वर हाच लिहिला गेला, लाल पेनाने.

फोटो परत मिळाले, ते सांगतो. कॅमेऱ्यातलं फॉरमॅट बहुतेक वेळा कार्डाची फक्त अनुक्रमणिका पुसतं, फोटोंचा मजकूर तिथेच राहतो, नवीन फोटो त्यावर लिहिला जाईपर्यंत. म्हणून कार्ड लगेच बाहेर काढायला लावलं, एकही फोटो काढू दिला नाही आणि संगणकावर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवलं. जवळजवळ सगळे आले. नावं मात्र गेली, क्रमही विस्कटला. बहीण माझ्याशी दोन दिवस तुटक बोलत होती.

मग पुन्हा बसलो आणि नीट केलं. आधी रिकामं कार्ड घातलं. मोजणी एकाच खुणेपासून खाली न करता दोन खुणांच्या मध्ये केली. रोमन अक्षर किंवा आकडा असलेली ओळ ही खूण. दोन खुणांच्या मध्ये पुस्तिकेत किती ओळी आहेत आणि कॅमेऱ्यात किती, हे जुळलं तरच मधल्या ओळींना नावं द्यायची. जुळलं नाही तर तिथे काहीतरी गाळलेलं आहे. सेटअपमध्ये असं दोन ठिकाणी झालं. एक भाषेची ओळ. दुसरी पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या पद्धतींतून निवडायची, ती जपानी कॅमेऱ्यात नसते, कारण तिथे टीव्हीची पद्धत एकच.

आणखी एक फसवा शब्द आहे, '初期化'. 'पहिल्या स्थितीला नेणं' असा त्याचा अर्थ. सोनीत कार्ड पुसायला 'フォーマット' लिहितात, उच्चार 'फोमात्तो'. आणि '初期化' हा सगळ्या सेटिंग परत कारखान्यासारख्या करण्याच्या ओळीत, अगदी शेवटी सापडतो. पण कॅनन आणि निकॉनच्या जपानी मेनूत तोच '初期化' कार्ड पुसण्यासाठी वापरतात. म्हणजे एका कंपनीच्या कॅमेऱ्यावर बनवलेली यादी दुसऱ्यावर नेली, की हाच शब्द घात करतो. यादी त्या त्या मॉडेलचीच बनवावी लागते.

पाल नसण्याचा एक परिणाम मात्र भाषेशी संबंधित नाही आणि तोच भाच्याला जास्त सतावत होता. घरात व्हिडिओ काढला की दिवे धडधडल्यासारखे दिसायचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूब किंवा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळते-मंदावते. पाल नसल्यामुळे या कॅमेऱ्याचा व्हिडिओ मात्र सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबातला. शटर १/६० असलं तर एका फ्रेममध्ये दीडच्या वर, दोनच्या आत उजेडाचे ठोके येतात, दर फ्रेमला वेगळे. गंमत म्हणजे खुद्द तोक्योतली वीजही ५० हर्ट्झची आहे. एकोणिसाव्या शतकात तोक्योने जर्मन जनरेटर आणले आणि ओसाकाने अमेरिकन, म्हणून पश्चिम जपानात ६० आहे. त्यामुळे हा त्रास कॅमेऱ्याच्या मूळ गावातही होत असणार.

उपाय मेनूतच आहे. वरची डायल फिल्मच्या चित्रावर आणायची, मेनूत '動画' ही ओळ उघडायची. पर्यायांत P, A, S, M ही अक्षरं दिसतात, त्यातलं S घ्यायचं, आणि शटर १/१०० ठेवायचं. म्हणजे प्रत्येक फ्रेमला एक पूर्ण ठोका मिळतो आणि धडधड थांबते. इथे ती एक ओळ सोडली तर जपानी वाचावंच लागलं नाही.

आता त्याच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत पोस्टकार्डाएवढा कागद आहे. डावीकडे जपानी आकार, भाच्याने हाताने काढलेले, उजवीकडे मराठी. एकूण एकोणीस ओळी. मेनूत त्याहून कितीतरी जास्त आहेत, पण बाकीच्या त्याला लागत नाहीत. एका जपानी आकारापुढे नाव लिहायचं राहिलंय. काय बदलतं ते अजून दोघांनाही दिसलेलं नाही, म्हणून तिथे त्याने नुसतं लिहून ठेवलंय: 'मामाला विचारणे'. मी पुढच्या रविवारी जाणार आहे. रिकामं कार्ड घेऊन.