सरासरीत हरवलेला एप्रिल

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत गणिताच्या एका शिक्षकाने केलेल्या मांडणीचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. दोन मुलांच्या नोंदी फळ्यावर लिहितो. दोघं सहावीचे, एकाच वर्गातले. कौशल्य एकच: दशांश अपूर्णांकांची तुलना, म्हणजे ०.३५ मोठा की ०.४ मोठा, हे सांगता येणं. माझ्या वहीत तीन पातळ्या असतात. १ म्हणजे अजून नाही, २ म्हणजे वाटेवर, ३ म्हणजे जमलं. मुलाच्या पाच नोंदी अशा: १, १, २, ३, ३. मुलीच्या अशा: ३, ३, २, १, १. बेरीज करा. दोघांची दहा. पाचाने भागा, दोघांची सरासरी दोन. प्रगतिपत्रकावर दोघं शेजारी शेजारी, सारखेच मध्यम. खरं तर एकाला एप्रिलमध्ये हे कौशल्य येत होतं आणि दुसरीला येत नव्हतं.

कितीतरी वर्षं मी सरासरीच काढत आलो. वहीत चाचण्यांचे रकाने, शेवटी एक बेरीज. रकान्यात 'घटक चाचणी १' लिहिलं की त्या आकड्यामागे मुलाला नेमकं काय येत होतं हे दिवाळीपर्यंत माझ्याच लक्षात राहायचं नाही. आता रकान्याच्या डोक्यावर चाचणीचं नाव नसतं, कौशल्याचं असतं. खाली तारीख आणि पातळी. सत्राच्या शेवटी बेरीज नाही. ताजा पुरावा काय म्हणतो तेवढंच पाहायचं.

आता त्या मुलाचं सांगतो. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. आपल्याकडे चाळीसगावपासून नंदुरबारपर्यंत हे काही नवीन नाही. दिवाळी झाली की गाडी भरते आणि मूल वर्गातून जातं, ते होळीच्या आसपास परत येतं. जुलै-ऑगस्टमधल्या त्याच्या दोन्ही नोंदी १ च्या. मार्चमध्ये आला तेव्हा २, मग एप्रिलमध्ये दोनदा ३. मधल्या काळात वर्गात दोन चाचण्या झाल्या होत्या. माझ्या जुन्या पद्धतीत तिथे दोन शून्यं पडली असती आणि दहा भागिले सात, म्हणजे साधारण १.४ अशी सरासरी आली असती. त्या शून्यांमधून त्याच्या दशांशाबद्दल काय कळलं? काहीच नाही. तो तेव्हा गावात नव्हता, एवढंच कळलं, आणि ते हजेरीपटावर आधीच लिहिलेलं आहे. म्हणून न झालेल्या चाचणीचा रकाना रिकामा ठेवायचा. पुरावा नाही याचा अर्थ शून्य असा होत नाही.

इथे हमखास एक सर विचारतात की मग पहिल्यांदाच बरोबर आणणाऱ्या मुलांवर अन्याय नाही का होत? दुबार पेरणी केली म्हणून व्यापारी कपाशीला कमी भाव देत नाही. पहिलं बियाणं वाया गेलं तो खर्च शेतकऱ्याने सोसला, पण वजनकाट्यावर जो कापूस आला तो आला. पहिल्यांदाच जमलेल्या मुलाच्या ३ मधून आपण काहीही काढून घेत नाही.

पण आज मला खरं बोलायचंय ते त्या मुलीबद्दल. कारण 'शेवटचा पुरावा धरा' हा नियम ऐकायला सोपा आहे आणि फसतो तो याच जागी.

तिच्या सुरुवातीच्या दोन नोंदी ३ च्या होत्या आणि शेवटच्या दोन १ च्या. मला वाटलं, विसरली. तसं असतं तर सरासरीने तिला वर धरून ठेवलं असतं आणि ताज्या पुराव्याने खाली आणलं असतं, जे बरोबरच ठरलं असतं. पण ती विसरली नव्हती. मी माझ्या जुन्या चिठ्ठ्या, म्हणजे छोट्या चाचण्यांचे कागद, काढून पाहिले. जुलैतल्या दोन्ही चिठ्ठ्यांवरच्या जोड्या अशा होत्या: ०.६२ आणि ०.५, ०.८१ आणि ०.७, ०.९४ आणि ०.३. सगळ्या जोड्यांत लांब दिसणारी संख्याच मोठी होती. मी घाईत आकडे लिहिले आणि सगळे एकाच साच्यात पडले.

ती मनात काय म्हणत होती ते नंतर कळलं. तिला जवळ बसवून ०.३५ आणि ०.४ लिहून दिले. तिने लगेच ०.३५ ला गोल केला. का, म्हणून विचारलं. "सर, पस्तीस मोठा शे." बस्स. तिच्या दृष्टीने पस्तीस चारपेक्षा मोठे, विषय संपला. हाच नियम लावून तिने जुलैत सगळ्या जोड्या बरोबर सोडवल्या होत्या. म्हणजे माझ्या वहीतला ३ हा पुरावाच नव्हता.

आणि यात आपलाही हात आहे. आपण वर्गात 'पॉइंट पस्तीस' म्हणतो. 'तीन दशांश, पाच शतांश' असं वाचलं तर पस्तीस हा अखंड आकडा कानावर पडतच नाही. बाजारातही तिला कोणी अडवत नाही. सुटीच्या दिवशी ती आईबरोबर कापूस वेचायला जाते आणि वेचणी किलोवर असते. इलेक्ट्रॉनिक काट्यावर साडेबारा किलो दिसतात १२.५०० असे आणि पावणेतेरा १२.७५० असे. दशांशानंतर नेहमी तीन घरं. पाचशे आणि साडेसातशे यांची तुलना पूर्ण संख्यांसारखी केली तरी उत्तर बरोबरच येतं. काटा तिला कधीच चूक ठरवत नाही, म्हणून तिचा नियम शाबूत राहतो.

याच्या उलटा नियम धरून बसणारी मुलंही असतात. आपण शिकवतो की शतांश हा दशांशापेक्षा लहान. त्यातून काही मुलं असा अर्थ काढतात की जितके जास्त अंक तितकी संख्या लहान. ऊसतोडीहून आलेला तो मुलगा मार्चमध्ये नेमका इथे होता. तो ०.४ मोठा म्हणाला, अगदी बरोबर, आणि पुढच्या जोडीत ०.५ ला ०.६२ पेक्षा मोठं म्हणाला. त्याचा २ तिथला.

त्यानंतर मी चिठ्ठी बदलली. आता चारच जोड्या देतो, सहा मिनिटं. ०.६२ आणि ०.५. ०.३५ आणि ०.४. ०.०७ आणि ०.१. आणि ०.३ व ०.३०, ज्या सारख्या आहेत. 'लांब ती मोठी' म्हणणाऱ्या मुलाची फक्त पहिली जोडी बरोबर येते. 'आखूड ती मोठी' म्हणणाऱ्याची दुसरी आणि तिसरी बरोबर येते. चारही बरोबर यायला दशांश-शतांशाची घरं कळावीच लागतात, किंवा नशीब लागतं. नशिबासाठी एका जोडीखाली 'का?' लिहून एक ओळ सोडतो. दर वेळी आकडे वेगळे, पण चार प्रकार तेच. नाहीतर जून आणि एप्रिलची तुलना करताना आपण मुलाची नव्हे, आपल्याच प्रश्नांची तुलना करत बसतो.

शेवटचा म्हणजे नेमका किती पुरावा धरायचा? एकच चिठ्ठी धरली तर ताप आलेल्या दिवशी मूल बुडतं आणि शेजारच्याच्या वहीत डोकावलेल्या दिवशी तरतं. म्हणून माझा नियम असा की शेवटच्या दोन नोंदी जुळायला हव्यात आणि दोन्हींमध्ये निदान आठ दिवसांचं अंतर हवं. शिकवलं त्याच दुपारी घेतलेली चिठ्ठी ही आठवणीची परीक्षा असते. दोन नोंदी जुळल्या नाहीत तर मी पेन्सिलने लिहितो आणि तोंडी विचारून तिसरी घेतो. आणि पुन्हा चिठ्ठी मागणाऱ्या मुलाने आधी जुनी चूक स्वतः दुरुस्त करून दाखवायची. नाहीतर काही हुशार मंडळी रोज एक चिठ्ठी मागतात आणि एखादी लागेल म्हणून वाट पाहतात.

काही ऑनलाइन गुणवह्यांमध्ये यावर मधला मार्ग असतो. ताज्या नोंदीला ६५ टक्के वजन, आधीच्या हिशेबाला ३५ टक्के, आणि दर नव्या नोंदीला हेच पुन्हा. आपल्या मुलाच्या १, १, २, ३, ३ वर हे चालवलं तर साधारण २.८ येतं, मुलीच्या नोंदींवर १.२. साध्या सरासरीने दोघांना दोनवर बसवलं होतं, त्यापेक्षा हे खूपच बरं. तरीही मी ते वापरत नाही. पालकाला 'दोन वेळा सलग जमलं' हे एका वाक्यात सांगता येतं, २.८ कुठून आले हे सांगता येत नाही. शिवाय जुलैतल्या माझ्या फसव्या चिठ्ठ्या या गणितातही कुठेतरी शिल्लक राहतातच.

अडचण आहे ती नमुन्याची, म्हणजे गुण भरायच्या ठरलेल्या तक्त्याची. आपल्याकडे २०१० पासून वर्षभर चालणारं आकारिक आणि सत्राअखेरच्या परीक्षेचं संकलित मूल्यमापन आहे, सहावीला निम्मं निम्मं. आकारिकचे रकाने साधनांचे आहेत: तोंडी काम, चाचणी, स्वाध्याय, उपक्रम. कौशल्यांचे नाहीत. संकलित परीक्षा तर ठरलेल्या दिवशीच होणार, तिला ताजा पुरावा वगैरे काही लावता येत नाही. म्हणजे माझी वही फार तर आकारिकचा भाग सुधारते. तिथे मी तोंडी आणि चाचणीचे गुण देताना सत्रातल्या शेवटच्या जुळलेल्या नोंदींवरून देतो. श्रेणी क-१ आली की ब-२, हे नंतर नमुना ठरवतो. पण वर्णनात्मक नोंद पूर्ण आपल्या हातात असते, आणि तिथे आपण काय लिहितो? 'गणितात रुची घेतो.' 'स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो.' मीही पानंच्या पानं तेच उतरवलंय. स्वाध्याय वेळेवर देणं ही चांगली सवय आहे, ती वेगळी लिहावी. ती दशांशाच्या आकड्यात मिसळली की दोन्ही कळत नाहीत.

आणि सगळंच असं मोजायला जाऊ नका. पस्तीस मुलं आणि तीस कौशल्यं म्हणजे हजारावर घरं झाली. दिवाळीच्या आधीच वही बंद पडते, माझी पहिल्या वर्षी पडली. आता मी सत्राला आठच कौशल्यं धरतो, पुढच्या इयत्तेला ज्यांच्यावाचून अडतं अशी. बाकीचं शिकवतो, पण त्याची अशी नोंद ठेवत नाही.

त्या मुलीचं राहिलं. एप्रिल संपला तेव्हा तिची नोंद १ च होती. माझ्याकडे दिवस उरले नव्हते. जूनमध्ये सातवीच्या बाईंना तिच्या प्रगतिपत्रकाबरोबर वहीतलं एक पान फाडून दिलं. त्यावर लिहिलं होतं: "लांब दिसेल ती संख्या मोठी म्हणते. जुलैतले दोन्ही ३ धरू नका, चिठ्ठी माझी चुकली होती. ०.३५ आणि ०.४ पासून सुरू करा, आणि वाचताना पस्तीस म्हणू देऊ नका."