म्हणीच्या आतला परिच्छेद

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत मराठीच्या शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

शिक्षक बंधू-भगिनींनो,

कल्पनाविस्ताराचा प्रश्न दिसायला सोपा आहे. एक म्हण किंवा एक ओळ दिलेली असते आणि तिचा ऐंशी ते शंभर शब्दांत विस्तार करायचा असतो. तरीही आपल्या वर्गांतल्या वह्या तपासताना एकच परिच्छेद पुन्हा पुन्हा वाचल्यासारखे वाटते. मी आज या एकाच दोषाविषयी बोलणार आहे आणि त्यासाठी एकच म्हण घेणार आहे : ‘दुष्काळात तेरावा महिना’.

आठवीच्या वर्गात या म्हणीवर मला मिळालेल्या लेखनाचा एक नमुना असा होता : “आपल्या मराठी भाषेत अनेक म्हणी आहेत. म्हणी म्हणजे आपल्या भाषेचे अलंकार आहेत. आपल्या पूर्वजांनी अनुभवातून या म्हणी तयार केल्या आहेत. दुष्काळात तेरावा महिना ही त्यातलीच एक म्हण आहे. माणसाच्या जीवनात सुख आणि दुःख येत असते. म्हणून संकटात कधीही घाबरू नये. आपण धैर्याने संकटाचा सामना केला पाहिजे. प्रयत्न करणाऱ्याला यश नक्की मिळते.”

यात शुद्धलेखनाची चूक नाही, अक्षरही चांगले होते. हे एकूण एक्कावन्न शब्द आहेत. आता चौथे वाक्य हाताने झाका आणि उरलेली सात वाक्ये शेजारच्या शिक्षकाला वाचायला द्या. विषय कोणत्या म्हणीचा होता, हे त्यांना सांगता येणार नाही. झाकलेल्या वाक्यातही म्हणीचे नाव तेवढे आहे, तिच्याविषयी काहीच नाही. म्हणजे विद्यार्थ्याने एक्कावन्न शब्द लिहिले, पण विस्तार एका शब्दाचाही केला नाही. म्हण झाकून वाचण्याची ही कसोटी मी वर्षानुवर्षे वापरतो आहे आणि आता ती मुलेच एकमेकांच्या वह्यांवर लावतात. जे वाक्य दुसऱ्या कोणत्याही म्हणीखाली तसेच्या तसे शोभेल, त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारायची. रेघा मारून झाल्या की मुलाला वेगळे काही सांगावे लागत नाही.

मूल असे का लिहिते, याचे कारण आळस नव्हे. त्याला म्हणीचा अर्थ पाठ असतो, पण म्हणीतले चित्र दिसलेले नसते. ‘संकटात आणखी संकट येणे’ हा अर्थ एकदा लिहून झाला की सांगण्यासारखे काही उरत नाही आणि शब्द तर ऐंशी हवे असतात. मग मूल बाहेरून सामान आणते. याची जबाबदारी माझ्याकडेही येते, कारण सुरुवातीची काही वर्षे मी अर्थ फळ्यावर लिहून देत होतो आणि परिच्छेद सांगून उतरवून घेत होतो.

एकदा मी अर्थ न सांगता विचारले, “तेरावा महिना म्हणजे कोणता?” वर्गातली एक मुलगी म्हणाली, “सर, तेरावा म्हणजे तेरवी ना? दुष्काळात घरी कोणी मेलं तर.” अर्ध्या वर्गाने मान डोलावली. आपल्याकडे मृत्यूनंतरच्या तेराव्या दिवसाला तेरवी म्हणतात, तेव्हा त्या मुलीचा तर्क तिच्या जागी बरोबरच होता. मी शिकवलेला अर्थ मात्र तिच्या डोक्यात एका चुकीच्या चित्रावर बसला होता आणि ते मला इतके दिवस कळले नव्हते.

म्हणून विस्ताराची पहिली पायरी वाच्यार्थाची आहे आणि तिला भरपूर वेळ दिला पाहिजे. मी घरचे पंचांग वर्गात नेले. चांद्र वर्ष सुमारे तीनशे चोपन्न दिवसांचे असते, ऋतू मात्र सूर्याप्रमाणे तीनशे पासष्ट दिवसांनी फिरतात. हा अकरा दिवसांचा फरक साठत जातो आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी पंचांगात एक अधिक महिना धरून तो भरून काढतात. २०२३ मध्ये श्रावण दोनदा आला होता, हे मुलांना आठवत होते, कारण त्या वर्षी पोळा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत लांबला होता. महिन्यांवर हिशेब करणाऱ्या घराला अशा वर्षी बाराऐवजी तेरा महिने काढायचे असतात आणि कणगीत धान्य मात्र तेवढेच असते. हे समजल्यावर एका मुलाने स्वतःहून विचारले, “मग सुकाळात तेरावा महिना आला तर काय होते?” फारसे काही होत नाही. चांगल्या वर्षी तो अधिकाचे दान करण्याचा, जावयाला वाण देण्याचा महिना असतो. तोच महिना दुष्काळात जड होतो. म्हणीचा गाभा इथे आहे : दुसरी गोष्ट स्वतः मोठे संकट असतेच असे नाही, पहिल्या संकटाने घर रिकामे केलेले असते म्हणून ती संकट ठरते. ‘संकटामागून संकट’ या पाठ केलेल्या अर्थात हा बारकावा नाही आणि विस्ताराला लागणारे शब्द नेमके या बारकाव्यातून निघतात.

यानंतर त्याच वर्गातला एक परिच्छेद असा तयार झाला. वाक्यांची डागडुजी आम्ही फळ्यावर मिळून केली, पण मजकूर मुलाचा आहे.

“घरातले धान्य बारा महिन्यांच्या हिशेबाने साठवलेले असते. दुष्काळात ते आधीच कमी पडते आणि त्याच वर्षी पंचांगात अधिक महिना आला, तर आणखी तीस दिवस चूल पेटवायची असते. म्हणजे एक संकट निस्तरत असतानाच दुसरे येते आणि पहिल्याची मुदत वाढवते. मागच्या वर्षी आमच्या पऱ्हाटीवर बोंडअळी आली. कापूस निम्माच निघाला, म्हणून बाबांनी तुरीच्या पैशातून कर्जाचा हप्ता भरायचे ठरवले. तूर फुलावर असतानाच अवकाळी पाऊस झाला आणि फुले गळून पडली. कापूस बुडाला तेव्हा तुरीचा आधार होता, तूर गेल्यावर आधारच उरला नाही. दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा लहान होते, पण ते रिकाम्या घरावर पडल्यामुळे अधिक जड वाटले.”

हे अठ्ठ्याऐंशी शब्द आहेत. पहिल्या तीन वाक्यांत सदतीस शब्द आहेत आणि ते म्हणीचे चित्र व अर्थ सांगतात. पुढच्या चार वाक्यांतले अडतीस शब्द एका उदाहरणाला दिले आहेत आणि शेवटचे तेरा शब्द ते उदाहरण पुन्हा म्हणीशी बांधतात. ही विभागणी प्रत्येक म्हणीला अशीच लागू होईल असे नाही, पण उदाहरण एकच असावे आणि त्याला निम्म्याच्या आसपास जागा मिळावी, एवढे मी आग्रहाने सांगतो. याच मुलाच्या पहिल्या मसुद्यात परीक्षेच्या दिवशी एस.टी. चुकल्याचे आणि वाटेत चप्पल तुटल्याचे दुसरे उदाहरणही होते आणि लेखन शंभराच्या पुष्कळ पुढे गेले होते. तो इथला एक शब्द, तिथला एक शब्द खोडत बसला होता. मी त्याला दुसरे उदाहरण संपूर्ण काढायला सांगितले. मर्यादा ओलांडली गेली असेल तर बहुधा एखादा अख्खा घटक जास्त झालेला असतो. तो तसाच ठेवून शब्द खोडले की वाक्ये लंगडी होतात.

थोडेसेच शब्द जास्त असतील तर मात्र क्रियापदांकडे पाहावे. ‘फुले गळून पडण्यास सुरुवात झाली’ याचे पाच शब्द होतात, ‘फुले गळून पडली’ याचे तीन. मुले वर्तमानपत्रांतून ‘निर्णय घेण्यात आला’, ‘मदत करण्यात आली’ अशी लांब रूपे उचलतात आणि शब्द कमी पडत असताना त्यांचाच आधार घेतात. मोजणीची पद्धत वर्गात एकदा ठरवून द्यावी. शब्दयोगी अव्यय जोडून येते, म्हणून ‘घरासमोर’ हा एक शब्द आणि ‘घराच्या समोर’ हे दोन. परीक्षेत प्रत्येक शब्द मोजायला वेळ नसतो, म्हणून मी मुलांना वाक्ये मोजायला शिकवतो. वरच्या दोन्ही परिच्छेदांत आठ-आठ वाक्ये आहेत. पहिल्यात वाक्याला सरासरी सहा शब्द पडतात, दुसऱ्यात अकरा. मुलाने स्वतःच्या तीन-चार जुन्या परिच्छेदांवरून आपली सरासरी काढून ठेवली की आठवे-नववे वाक्य लिहिताना आपण कुठवर आलो, हे त्याला कळते.

पहिल्या नमुन्यात आणखी एक चूक आहे, ती कसोटीत दिसत नाही. ‘संकटात घाबरू नये’ हा उपदेश या म्हणीत मुळात नाहीच. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण काय करावे ते सांगते. ‘दुष्काळात तेरावा महिना’ फक्त एका परिस्थितीला नाव देते. दोन्हींचा शेवट बोधाने करायची सवय मुलांना लागलेली असते. म्हणून लिहिण्यापूर्वी एकच प्रश्न विचारून घ्यावा : ही म्हण काही करायला सांगते की जे घडले ते दाखवते? दाखवणारी असेल तर परिच्छेद उदाहरणाच्या टोकाशी थांबला तरी तो पुरा असतो.

उदाहरण मुलाच्या स्वतःच्या पाहण्यातले असावे, असे मी म्हणतो, पण आपल्या भागात त्याला एक मर्यादा आहे आणि ती आपण सांभाळलीच पाहिजे. नापिकी, कर्ज आणि त्यापुढचे जे काही घडते, ते आपल्या कित्येक विद्यार्थ्यांच्या घरात घडलेले आहे. या म्हणीवर घरचाच अनुभव लिही, असे मी कोणालाही सांगत नाही. शेजारचे, बैलजोडीचे, शाळेच्या बोअरवेलचे उदाहरणही तितकेच चालते. कोणी घरचे लिहिलेच तर ते मी त्याच्या संमतीशिवाय वर्गात वाचून दाखवत नाही. वरचा परिच्छेदही त्या मुलाला विचारूनच फळ्यावर आला.

आता एका ओळीच्या विस्ताराविषयी थोडेसे. म्हणीत चित्र तयार असते, सुविचाराच्या ओळीत ते नसते आणि विद्यार्थ्याला ते स्वतः उभे करावे लागते. ‘वेळेवर केलेल्या कामात श्रम वाचतात’ ही ओळ घ्या. इथे वाच्यार्थ उकलण्यासारखा नाही, म्हणून ते सदतीस शब्द इथे खर्च करायचे नसतात. सरळ उदाहरणापासून सुरुवात करावी. पेरणीनंतर वेळेवर डवरणी झाली तर तासांमधले गवत कोवळे असतानाच उपटून निघते आणि निंदायला पिकाच्या ओळीतले तेवढे उरते. पंधरा दिवस पावसाची झड लागून डवरा थांबला की तेच गवत मुळे धरते, विळ्याने खुरपावे लागते आणि दोन बायांच्या कामाला पाच बाया लागतात. आमच्या एका विद्यार्थिनीने एवढेच लिहून मग ओळीकडे वळत एक वाक्य जोडले होते : “गवत तेच होते, फक्त त्याला आम्ही पंधरा दिवस दिले होते.” त्या वाक्याखाली रेघ मारता येते का, हे आम्ही वर्गात म्हण झाकण्याच्या कसोटीने तपासले. एका मुलाचे म्हणणे पडले की ते ‘आळसाचे फळ’ या विषयाखालीही चालेल. तिने उत्तर दिले की पाऊस होता, आळस नव्हता, आणि तिने आधीच्या वाक्यात ‘पावसाच्या झडीमुळे’ हे दोन शब्द जोडले. परिच्छेद ब्याण्णव शब्दांचा होता, तो चौऱ्याण्णव शब्दांचा झाला.