बुधवारची अंडाकरी आणि लाल दोऱ्याचा डाव

हा कागद बघा, हात धुवायच्या बेसिनवर सेलोटेपने चिकटवलाय, वरचा कोपरा ओला होऊन सुटलाय. मेस कमिटीची नोटीस. बुधवारी रात्री अंडाकरी, माणशी २ अंडी, व्हेजवाल्यांना पनीर, काउंटर वेगळा, नावं मंगळवारी रात्री ९ पर्यंत लिहा.

बुधवारच का, तर सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाकुणाचे उपास नाहीतर वार असतात, आणि बुधवारीच एकादशी किंवा संकष्टी आली तर एग डे शुक्रवारी जातो, श्रावणात तर अंडी खाणारे निम्मेसुद्धा उरत नाहीत.

आता किचनमध्ये चला. यादीत अंडी खाणारे १५० म्हणजे ३०० अंडी, ३० च्या ट्रेने १० ट्रे, पण मामा ११ मागवतात कारण वाहतुकीत फुटतात आणि उकळताना तडकतात. अंडी आधी पाण्यात सोडायची, जे वर तरंगतं ते बाजूला. उकळली की लगेच गार पाण्यात, नाहीतर आत बलकाभोवती हिरवट कडा येते आणि मग जेवताना पोरं म्हणतात अंडं शिळंय, शिळं नसतं हो, जास्त शिजलेलं असतं.

कांदा-खोबऱ्याचं वाटण सगळ्यांचं एकच. पण अंडी पडायच्या आधीच व्हेजची ग्रेव्ही दुसऱ्या पातेल्यात काढून घेतात, आणि अंडी ज्या तेलात परततात ते तेल फक्त अंडाकरीतच जातं. हे नोटिशीत दुसऱ्या ओळीत लिहिलंय, मला विचाराल तर ते पहिल्या ओळीत पाहिजे होतं.

कारण भांडण झालं ते डावावरून. गेल्या टर्मला काउंटर वेगळे होते, पातेली वेगळी होती, आणि गर्दीत वाढणाऱ्या दादांनी अंडाकरीतला डाव उचलून पनीरमध्ये घातला. एकीने बघितलं, ताट तसंच ठेवून उठली, मागोमाग तिचं अख्खं टेबल उठलं. त्या रात्री त्यांनी दही-भात खाल्ला. आता व्हेजच्या डावाला लाल दोरा बांधलाय आणि ते काउंटर खिडकीपाशी नेलंय, म्हणजे दोन्हीकडे एकच माणूस वाढूच शकत नाही.

दुसरी तक्रार उलटी. अंडी खाणारे आधी अंडाकरी घेणार, मग पनीरच्या लाईनीत येणार, आणि साडेआठला लॅबमधून आलेल्या व्हेजवाल्याला नुसता रस्सा. म्हणून पनीर यादीप्रमाणे, उरलं तर सव्वानऊनंतर सगळ्यांना.

आज नऊ वाजून दहा मिनिटं झालीत. खिडकीपाशी चार जण ताट घेऊन उभेत, यादीत एकाचंही नाव नाही, आणि मावशी पातेल्यावर झाकण ठेवून घड्याळाकडे बघतायत.